सहाशे चाळीस

इनव्हॉइस पाठवून अर्धा तास झाला असेल. फोनवर मेसेज आला. "ताई, एक विचारू का? राग मानू नका. आता तर सगळं सॉफ्टवेअरच आपोआप करतं ना? मग दर महिन्याची फी नक्की कशाची असते?" पुढे हात जोडल्याची खूण. मेसेज करणारी बाई सुगंधी मेणबत्त्या बनवून ऑनलाइन विकते. दोन वर्षं तिचे हिशेब मी सांभाळतेय. आम्ही एकमेकींना प्रत्यक्ष कधीच भेटलेलो नाही. पण तिचा आवाज मी झोपेतही ओळखीन, कारण फोनवर बोलताना तिचे हात थांबत नाहीत आणि दर वाक्यामागे पॅकिंगची टेप ओढल्याचा चर्रर्र आवाज येतो. प्रश्न तिने चांगल्या मनाने विचारला होता, हे मला कळत होतं. म्हणूनच तो जास्त बोचला. खवचटपणे विचारला असता तर एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले असते.

त्या वेळी माझ्या स्क्रीनवर तिचाच हिशेब उघडा होता आणि शीटच्या तळाशी एका चौकटीत ६४० हा आकडा बसलेला होता. तिथे शून्य असायला हवं होतं.

मेसेजला मी लगेच उत्तर दिलं नाही.

हे काम लोकांना वाटतं तसं नोंदी करण्याचं उरलेलंच नाही, हे तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. बँकेचे व्यवहार आपोआप सॉफ्टवेअरमध्ये येतात. तिचे हिशेब क्विकबुक्स ऑनलाइनमध्ये आहेत, दुसऱ्या काहींचे झीरोमध्ये, एकाचे झोहो बुक्समध्ये. तिघांत डावं-उजवं करण्यासारखं फार काही नाही, विक्रेत्याला आधीपासून ज्याची सवय असेल ते ठेवावं. मार्केटप्लेस ठरावीक दिवसांनी आपली कपात करून विक्रेत्याचे पैसे चुकते करतं, ती सेटलमेंट ए-टू-एक्स नावाचं जोडसॉफ्टवेअर उचलतं आणि तिची एकच गोळाबेरीज नोंद करून हिशेबात टाकतं. महिन्याला नऊशे ऑर्डरी असल्या म्हणून नऊशे नोंदी होत नाहीत, होऊही नयेत. कुणाला कुठल्या वासाची मेणबत्ती गेली हे दुकानाच्या सॉफ्टवेअरला माहीत असलं की पुरे. हिशेबात एकेक ऑर्डर ओतली की खातं जड होतं आणि चूक शोधायची वेळ आली की गवताच्या गंजीत सुई शोधत बसावं लागतं. तेव्हा आपोआप होतं ते बरंच होतं. प्रश्न असा, की आपोआप झालेलं बरोबर झालं की नाही हे कोण सांगणार?

पहिल्या वर्षी मला याचा चांगला धडा मिळाला होता. फोनची कव्हरं विकणारा एक मुलगा होता, माझा दुसराच ग्राहक. मी मोठ्या हौसेने बँकेच्या व्यवहारांना नियम लावून ठेवला होता : मार्केटप्लेसच्या नावाने पैसे जमा झाले की थेट 'विक्री' खात्यात टाक. महिन्याभराने जोडसॉफ्टवेअर बसवलं, तेही सेटलमेंटमधली विक्री टाकू लागलं. जुना नियम काढायचं माझ्या डोक्यातून साफ निसटलं. तोच पैसा एकदा सेटलमेंट म्हणून आणि एकदा बँकेतली जमा म्हणून, असा दोनदा विक्रीत चढत राहिला. त्या महिन्याचं नफा-तोटा पत्रक पाहून त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज आनंदाने फाटला होता. "ताई, मी एवढं विकलं?" मीही खूश झाले. कुठे माशी शिंकली हे मला पुढच्या महिन्यात बँकेचा ताळा घेताना कळलं, तोवर त्याने त्या आकड्याच्या भरवशावर तिप्पट माल मागवला होता. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. त्याचं ते न बोलणं अजून आठवतं. सॉफ्टवेअरने त्यात काहीच चुकीचं केलं नव्हतं, दोन्ही वेळा सांगितलं तेच इमानदारीने केलं.

तेव्हापासून कुठलंही नवं काम घेतलं की मी पहिली गोष्ट करते ती म्हणजे प्रत्येक विक्रीच्या ठिकाणासाठी एक क्लिअरिंग खातं उघडते. नाव भारदस्त वाटतं, पण कल्पना साधी आहे. विक्री झाल्यापासून पैसे बँकेत पडेपर्यंत ते मार्केटप्लेसच्या किंवा पेमेंट गेटवेच्या हातात असतात. त्या मधल्या काळासाठी ही एक वाटेवरची ओसरी. विक्री झाली की रक्कम ओसरीवर येते. कमिशन, पाठवणी, जाहिराती, परतावे हे सगळं ओसरीवरूनच वजा होतं आणि बँकेत जे जमा झालं तेही ओसरीवरूनच उचललं जातं. मग महिनाअखेरीला ओसरीवर जे उरेल ते फक्त वाटेत असलेले किंवा अडकवून ठेवलेले पैसे असायला हवेत. त्यापेक्षा एक पैसाही जास्त किंवा कमी उरला, तर कुठेतरी काहीतरी घडलंय आणि ते आपल्याला माहीत नाही.

मेणबत्त्यांच्या बाईंना हे पहिल्यांदा समजावलं तो दिवस आठवतो. त्यांचं ठाम म्हणणं होतं की बँकेत आले तेवढेच आपले, तीच विक्री. एका चौदा दिवसांच्या सेटलमेंटचे ६२,००० बँकेत आले होते. मी म्हटलं, टेप खाली ठेवा आणि माझ्याबरोबर कागदावर लिहा. मालाची विक्री १,२०,०००. ग्राहकांनी पाठवणीचे वेगळे दिलेले ६,०००. झाले १,२६,०००. त्यातून परतावे ९,०००. कमिशन १८,०००. गोदामातून उचलून, बांधून पाठवण्याचे २१,५००. जाहिराती ११,०००. गोदामाचं भाडं १,५००. उरले ६५,०००. शिवाय पुढे परतावे आले तर असावेत म्हणून मार्केटप्लेसने ८,००० अडकवून ठेवले आणि मागच्या वेळी अडकवलेले ५,००० सोडले. आता किती? पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "बासष्ट." आणि मग हळूच, "अकरा हजार जाहिराती?"

तो आकडा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. जाहिरातीचे पैसे खिशातून जात नव्हते, येणाऱ्या पैशांतून आधीच कापले जात होते, त्यामुळे ते गेल्याचं जाणवतच नव्हतं. ६२,००० ही विक्री धरली असती तरी शेवटचा नफा फार वेगळा दिसला नसता, हीच तर यातली गोम आहे. नफा जवळपास तोच, पण विक्री अर्ध्यावर आलेली, परतावे अदृश्य, जाहिराती अदृश्य. कर खात्याची नोंदणीची मर्यादा तर साधारणपणे विक्रीवर मोजतात, बँकेतल्या जमेवर नाही. तुम्ही अजून मर्यादेच्या आत आहोत असं समजत बसता आणि खरी विक्री ती केव्हाच ओलांडून गेलेली असते.

पुन्हा त्या ६४०कडे येते. हा आकडा मार्केटप्लेसच्या ओसरीवर नव्हता, तिथे सगळं जुळलं होतं. तो होता त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटच्या पेमेंट गेटवेच्या खात्यात. गेटवे दोन दिवस मागे राहून रोज पैसे पाठवतो. म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांची विक्री वाटेत असणार. पुढच्या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत ४,२३० बँकेत आले, तेव्हा महिनाअखेरीला क्लिअरिंग खात्यात ४,२३०च उरायला हवे होते. उरले होते ४,८७०. फरक ६४०.

एवढ्याशा रकमेसाठी रात्र का जाळायची, असं कुणीही म्हणेल. 'किरकोळ फरक' नावाच्या खात्यात ढकलून मोकळं होणारे लोक मी पाहिलेत, आणि खरं सांगायचं तर फरक बारा-पंधराचा असता तर मीही तेच केलं असतं. पण ६४० ही कुठल्या तरी दोन-तीन खऱ्या गोष्टींची बेरीज असावी असं मला उगाच वाटत राहिलं. फरक शोधण्याच्या काही जुन्या खुबी आहेत, कागदी खतावणीच्या काळापासूनच्या. फरकाला नऊने भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४च्या जागी ४५ लिहिलं तसं. ६४०ला नऊने भाग जात नाही. मग फरकाची निमपट काढायची. ३२०ची एखादी नोंद उलट्या बाजूला पडली असेल तर फरक बरोबर दुप्पट येतो. ३२०चा एक परतावा सापडलाही. छोटी मेणबत्ती, काच फुटून पोचलेली. छातीत जरा धडधडलं. पण तो परतावा नीट परतावा म्हणूनच चढलेला होता. निराश होऊन चहा करून आणला आणि पुन्हा बसले.

आणि मग लक्षात आलं की पाहायला हवं ते मी पाहिलंच नव्हतं. वेबसाइटची विक्री मी दुकानाच्या विक्री अहवालावरून हाताने चढवते. तिथे ऑर्डरी थोड्या आहेत म्हणून दुसऱ्या जोडसॉफ्टवेअरचं वर्गणीचं ओझं त्यांच्यावर टाकलं नव्हतं. गेटवेची फी गेटवेच्या मासिक गोषवाऱ्यातून घेते. पण दुकानाला फक्त ऑर्डरी आणि परतावे माहीत असतात आणि गोषवाऱ्यात फक्त नेहमीची फी असते. या दोघांच्या मधल्या फटीतून जे पडेल ते कुठेच दिसणार नाही. ते दिसतं एकाच जागी, गेटवेच्या प्रत्येक जमेच्या तपशिलात. तो उघडला, प्रकारानुसार लावला. बहुतेक ओळींवर 'पेमेंट', काहींवर 'परतावा', आणि २९ तारखेला एकाच ओळीवर 'चार्जबॅक'. मूळ रक्कम ५००, त्यावर दंडवजा फी १४०.

कुणीतरी ग्राहक परस्पर आपल्या बँकेकडे गेला होता, मला वस्तू मिळालीच नाही म्हणून. बँकेने पैसे मागे ओढले, गेटवेने ते बाईंच्या जमेतून कापले, वर स्वतःचे १४० लावले. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ऑर्डर अजूनही 'पैसे मिळाले' अशी हिरव्या रंगात झळकत होती. पुरावा द्यायची मुदत १० तारीख होती. मी हे पाहत होते ती ५ तारखेची रात्र होती, घड्याळाकडे पाहिलं तर ६ तारीख लागून वीस मिनिटं झाली होती.

सकाळी फोन केला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. गेटवेचा ईमेल आला होता, पण तो जाहिरातींच्या ढिगात गेला होता. "पण ती तर पोचली होती हो, सही आहे!" त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मागचा टेपचा आवाज थांबला. कुरिअरची पोच, सहीचं चित्र, ग्राहकाशी झालेलं बोलणं, सगळं त्यांनी दुपारपर्यंत गेटवेला पाठवलं. मी इकडे हिशेब लावला : ५०० विक्रीतून कमी न करता 'चार्जबॅक' नावाच्या वेगळ्या खात्यात, १४० पेमेंटच्या खर्चात. विक्री झाली होती, ती पुसायची नाही. पैसे मागे गेले ही वेगळी घटना आहे आणि तिचं खातं वेगळं ठेवलं, तरच वर्षाअखेरीला कळेल की असं किती वेळा घडलं. चौकटीत शून्य आलं. त्या शून्याचं समाधान शब्दांत सांगता येत नाही. हे काम करणाऱ्या माणसाला ते सांगायला लागत नाही आणि इतरांना ते वेड वाटतं.

बाकी महिन्याचं काम याच्यापुढे फारसं बोलण्यासारखं नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत बँकेची आणि कार्डांची पत्रकं गोळा करायची. ज्या खर्चाची पावती नाही त्याबद्दल विचारायचं, पुन्हा विचारायचं, तिसऱ्यांदा विचारताना स्वतःचीच लाज वाटून घ्यायची. महिन्याच्या शेवटच्या दिवशी किती माल शिल्लक होता त्याचा आकडा घ्यायचा. हा मात्र त्याच दिवशी घ्यावा लागतो, कारण पंधरा दिवसांनी मागितला तर तो आठवून सांगितला जातो आणि आठवून सांगितलेल्या शिलकीवर कुणाचाही नफा हवा तेवढा वाढवता येतो. खरेदी केलेलं सगळं मेण हा त्या महिन्याचा खर्च नव्हे. सुरुवातीचा माल अधिक खरेदी वजा उरलेला माल, एवढाच खर्च. सगळं जुळलं की दहा तारखेच्या आसपास पत्रकं पाठवायची आणि मागचा महिना सॉफ्टवेअरमध्ये तारखेने बंद करून टाकायचा. हे कुलूप लावलं नाही तर तीन महिन्यांनी कुणीतरी जुनी नोंद सहज दुरुस्त करतं आणि जुळलेलं सगळं न सांगता विस्कटतं. हे सगळं दुरून. माझ्याकडे त्यांचा पासवर्ड नाही, माझं स्वतःचं निमंत्रित खातं आहे, बँकेत फक्त पाहायची परवानगी आहे. पैसे हलवायची परवानगी कुणी आपणहून देऊ केली तरी मी घेत नाही. उद्या काही गेलं तर पहिली शंका कुणावर येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आता फी. सुरुवातीला मी तासावर काम करायचे. त्यात एक गंमत झाली. मेणबत्त्यांच्या हिशेबाला पहिल्या महिन्यात सहा तास लागले, सहाव्या महिन्यात साडेतीन. म्हणजे जसजशी मी त्या कामात तरबेज होत गेले तसतसं माझं उत्पन्न घटत गेलं. शिवाय प्रत्येक फोनला त्या "तास मोजताय का?" असं विचारायच्या, आणि विचारायचं ते विचारायला कचरायच्या. एकाने विक्रीच्या टक्केवारीवर फी सुचवली होती. ती मी घेतली नाही. ज्या आकड्याची मी पहारेकरी, तो फुगला की माझी फी फुगणार, हे मला रुचलं नाही. ऑर्डरींच्या संख्येवरही घेऊन पाहिली. पण सेटलमेंटची एकच नोंद होते, तिच्यात दोनशे ऑर्डरी असोत की दोन हजार, माझं काम तेवढंच. काम वाढतं ते ठिकाणांनी : किती मार्केटप्लेस, किती गेटवे, किती बँक खाती आणि कार्डं, किती चलनं. प्रत्येक ठिकाण म्हणजे एक नवी ओसरी आणि ती दर महिन्याला झाडायची. म्हणून आता मासिक ठरावीक रक्कम, ठिकाणांवरून ठरवलेली. साचलेला जुना हिशेब साफ करायचा तर त्याची एकदाच वेगळी फी, आणि तीही जुने व्यवहार डोळ्यांखालून घातल्याशिवाय सांगत नाही, कारण "तीन महिन्यांचंच आहे" असं सांगून अकरा महिन्यांचा पसारा पुढ्यात ठेवलेला मी अनुभवलाय. सॉफ्टवेअरची वर्गणी त्यांच्या नावावर, त्यांच्या कार्डावर. उद्या आम्ही वेगळ्या झालो तर हिशेब त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. कर भरण्याचं काम यात नाही, हे कागदावर लिहून देते आणि तरी दर वर्षी तोंडाने सांगावं लागतं.

हे सगळं त्या मेसेजच्या उत्तरात लिहायला घेतलं होतं. दोनदा लिहून खोडलं. सहाशे चाळीसची गोष्ट सांगावी असं फार वाटत होतं, पण फीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितली तर ती बिलाला जोडलेल्या पावतीसारखी वाटली असती. आणि खरं तर असे महिनेही येतात की काहीच सापडत नाही. सगळं पहिल्या झटक्यात जुळतं, साडेतीनचे अडीच तास होतात, आणि फी मी तेवढीच घेते. त्या महिन्यांत त्यांचा प्रश्न मीच स्वतःला विचारते. शेवटी एवढंच लिहिलं : "आपोआप होतं ते बरोबर झालंय का, हे बघण्याची." त्यांनी अंगठा दाखवला. पटलं की कंटाळल्या, अंगठ्यावरून कळत नाही.

दोन महिन्यांनी गेटवेच्या तपशिलात ५०० परत आल्याची ओळ दिसली. ती विक्रीत जाऊ न देता चार्जबॅकच्या खात्यात उलटी टाकली, ते खातं कोरं झालं. कळवलं तर त्यांनी विचारलं, "आणि ते एकशे चाळीस?" म्हटलं, ते गेले. "केस जिंकूनही?" जिंकूनही. पुन्हा टेप ओढल्याचा आवाज आला, या वेळी जरा जोरात.

त्याच महिन्याचा बँकेचा ताळा घेताना एक अनोळखी जमा दिसली, ३,१८०. पाठवणाऱ्याचं नाव मी या हिशेबात कधी पाहिलेलं नव्हतं. मेसेज केला, हे कशाचे? रात्री अकराला उत्तर आलं : "अहो ताई, सांगायचंच राहिलं. आणखी एका मार्केटप्लेसवर सुरू केलंय, वीस दिवस झाले. छान चाललंय!" मी नवं क्लिअरिंग खातं उघडलं, त्याला नाव दिलं, ३,१८० विक्रीत न टाकता तिथे ठेवले आणि त्यांच्याकडे पहिल्या सेटलमेंटचा अहवाल मागितला. मग फी वाढवण्याबद्दलचा मेसेज लिहिला, वाचला आणि सकाळी पाठवू म्हणून तसाच ठेवला.